आठ लाख किलो मातीतले आठशे किलो

माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याच्या हातात पडला की त्याचे बोट पहिल्यांदा ज्या ओळीवर थांबते, ती ओळ आता बदलली आहे. पूर्वी तो नत्र, स्फुरद, पालाश पाहायचा. हल्ली तो ‘सेंद्रिय कर्ब’ शोधतो. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कोरडवाहू जमिनींचे असे अहवाल मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यांत ०.४ टक्के, ०.३५ टक्के असे आकडे वारंवार दिसतात. अर्ध्या टक्क्याच्या खाली ‘कमी’ आणि पाऊण टक्क्याच्या वर ‘जास्त’ अशी आपल्याकडची रूढ प्रतवारी आहे. काळीभोर माती पाहून ती कर्बाने भरलेली असेल असे वाटते, पण रंगावर जाऊ नये. काळ्या मातीत चिकणमातीचे बारीक कण आणि थोडासा सेंद्रिय अंश एकमेकांशी इतके घट्ट बांधलेले असतात की अर्धा टक्काही नसलेला कर्ब साऱ्या मातीला काळे रंगवतो.

मग प्रश्न येतो तो असा : हा ०.४ चा आकडा ०.५ करायला काय करावे लागेल, आणि किती वर्षे? फरक दिसतो एक दशांश टक्क्याचा. या एक दशांशावर आज खेड्यापाड्यांत बराच व्यवहार चालतो. कोणी बाटलीतले द्रावण विकतो, कोणी जिवाणूंची पाकिटे, तर कोणी मातीत साठणाऱ्या कर्बाचे पैसे मिळवून देण्याचा करार पुढे करतो. म्हणून या आकड्याचा हिशेब एकदा सावकाश मांडावा असे मला वाटले.

मातीतला कर्ब हा तिजोरीत ठेवलेल्या नाण्यांसारखा नसतो. तळाला भोक असलेल्या रांजणासारखा त्याचा कारभार आहे. वरून पाणी पडत राहते, खालून गळत राहते, आणि दोन्हींचा मेळ बसेल त्या पातळीवर पाणी स्थिरावते. वरून पडणारे म्हणजे मुळे, पाने, धसकटे, शेणखत. खालून गळणारे म्हणजे सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परत जाणारा कर्ब. काडीकचरा हे सूक्ष्मजीवांचे अन्न आहे, आणि अन्न खाणारा प्राणी त्यातला बराचसा भाग जगण्यासाठी जाळून टाकतो.

किती जाळतो, याचे मोजमाप झालेले आहे. लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड ही जुनी कृषी संशोधन संस्था आहे. तिथले डेव्हिड जेंकिन्सन यांनी किरणोत्सारी कर्बाची खूण केलेले गवत मातीत मिसळले आणि त्या खुणेचा माग काढला. एका वर्षानंतर त्या गवतातला एक तृतीयांश कर्ब मातीत उरला होता आणि पाच वर्षांनंतर एक पंचमांश. पुढे हाच प्रयोग त्यांनी आयनाबा यांच्याबरोबर नायजेरियातल्या इबादान इथे केला. कुजण्याची रीत तीच निघाली, फक्त वेग सुमारे चौपट होता. इंग्लंडच्या थंडीत जे चार वर्षांत घडते ते उष्ण कटिबंधात एका वर्षात उरकते. आपल्याकडे आठ महिने माती कोरडी राहते आणि त्या काळात सूक्ष्मजीवही जवळजवळ थांबतात, एवढाच काय तो दिलासा. पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा कामाला लागतात.

जे उरते ते का उरते, हेही समजून घेण्यासारखे आहे. सूक्ष्मजीव स्वतः मरतात तेव्हा त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात. काही अंश मातीच्या बारीक ढेकळांच्या पोटात अडकतो, जिथे हवा आणि दुसरा सूक्ष्मजीव सहज पोहोचत नाही. असा दडलेला कर्ब फार काळ टिकतो. रॉथमस्टेडच्या वरच्या थरातल्या कर्बाचे सरासरी वय हजार वर्षांहून अधिक निघाले आहे. नांगर ही ढेकळे फोडतो, दडलेले उघडे पाडतो, आणि रांजणाचे भोक थोडे मोठे होते.

आता आपल्या एकराचा हिशेब. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. वरचा १५ सेंटीमीटरचा थर धरला तर त्या मातीचे वजन अंदाजे आठ लाख किलो भरते. त्यात ०.४ टक्के कर्ब म्हणजे ३२०० किलो, आणि ०.५ टक्के म्हणजे ४००० किलो. एक दशांश टक्का म्हणजे आठशे किलो कर्ब.

शेत वर्षानुवर्षे ०.४ वरच आहे असे समजू. दरवर्षी साठ्यातला दोन टक्के कर्ब जळतो असे धरले तर ६४ किलो बाहेर जातो, आणि मुळा-धसकटांतून तेवढाच आत येऊन टिकतो. म्हणजे आकडा स्थिर आहे, पण तो झोपलेला नाही. आता शेतकऱ्याने दरवर्षी एकरी पाच टन शेणखत घालायचे ठरवले. त्यात निम्मे पाणी. उरलेल्या अडीच टनांत माती आणि राख बरीच असते, म्हणून त्यातला पाचवा हिस्सा कर्ब धरू. झाला ५०० किलो. कुजून त्याचा दहावा भाग टिकतो असे मानले तर साठ्यात पडतात ५० किलो.

आठशे भागिले पन्नास म्हणजे सोळा वर्षे, असे इथे कोणी म्हणेल. पण रांजणात पाणी चढले की गळतीही वाढते, कारण वाढलेल्या साठ्याचेही दोन टक्के दरसाल जळतात. पहिल्या वर्षी ५० किलोची भर पडते, तर विसाव्या वर्षी जेमतेम ३४ किलोची. त्यामुळे आठशे किलो जमायला एकोणीस-वीस वर्षे लागतात. टक्केवारी प्रत्येक मातीत, प्रत्येक पर्जन्यमानात बदलेल. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

शेणखत थांबवले तर काय होते, याचेही उत्तर रॉथमस्टेडजवळ आहे. तिथल्या हूसफील्ड नावाच्या शेतात १८५२ पासून सातूचा प्रयोग सुरू आहे. एका तुकड्याला दरवर्षी एकरी सुमारे १४ टन शेणखत मिळते. त्याचा कर्ब आधी भराभर आणि मग मंद गतीने चढत खत न मिळालेल्या तुकड्याच्या सुमारे तिप्पट झाला. तिसऱ्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे तेवढेच खत मिळाले आणि मग बंद झाले. त्याचा कर्ब उतरत गेला, पण शंभर वर्षांनंतरही तो कधीच खत न मिळालेल्या तुकड्याहून जास्त होता. म्हणजे कर्ब उतरतो तोही मंद गतीनेच. आपल्याकडच्या उन्हात तो याहून लवकर उतरेल, हे इबादानच्या प्रयोगावरून उघड आहे.

एक अडचण सहसा बोलली जात नाही. टिकाऊ सेंद्रिय अंशात कर्बाच्या दहा-बारा भागांमागे नत्राचा एक भाग असतो. म्हणजे आठशे किलो कर्ब साठवायचा तर सुमारे सत्तर किलो नत्रही त्याच्याबरोबर अडकते. उसाच्या पाचटात नत्र फार थोडे असते. म्हणून खोडव्यात पाचट ठेवल्यावर वरून युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायला सांगतात. नाहीतर सूक्ष्मजीव पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात, ऊस पिवळा पडतो आणि शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा काडी लावतो.

मग कर्ब वाढवते काय? पहिली गोष्ट मुळे. स्वीडनमध्ये उप्सालाजवळ १९५६ पासून चाललेल्या एका प्रयोगात मुळांतून आलेल्या कर्बाचा टिकणारा वाटा वरच्या काडीकचऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक निघाला. मूळ मातीच्या आतच मरते, ढेकळांच्या सान्निध्यात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात कापणीनंतर मुळे उपटत वा नांगरत नाहीत, ती जागीच कुजू देतात. त्यामागचे तत्त्व हेच आहे. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतले तर शेत आणखी दोन-तीन महिने जिवंत मुळांनी भरलेले राहते. शिवाय तुरीचा पानगळा पडतो तो वेगळाच. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला शेतात टाकला तर नत्राची गरजही थोडी भागते.

दुसरी गोष्ट संतुलित खत. रासायनिक खत कर्ब खाते असा समज आहे. भारतातल्या दीर्घकालीन खत प्रयोगांनी मात्र वेगळे दाखवले. नुसते नत्र देत राहिले तर माती खालावते. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही दिले तर पीक जोमदार येते, मुळे वाढतात आणि कर्ब टिकतो. सर्वांत चांगला कर्ब राहतो तो या तिघांना शेणखताची जोड दिलेल्या तुकड्यांत. तिसरी गोष्ट न जाळणे. पाचट जाळले की त्यातला जवळजवळ सगळा कर्ब एका संध्याकाळी आभाळात जातो.

नांगरणी बंद करण्याबद्दल मात्र जपून बोलावे. न नांगरलेल्या शेतात वरच्या चार बोटांत कर्ब वाढलेला दिसतो, कारण काडीकचरा वरच राहतो. खालच्या थरात तो पुष्कळदा तेवढाच कमी झालेला असतो. खोलवर मोजल्याशिवाय वाढ झाली की नुसती जागा बदलली, ते कळत नाही. बाहेरून विकत आणलेल्या शेणखताचेही तसेच आहे. आपल्या शेतात कर्ब वाढला, पण ज्याच्या शेतातला कडबा त्या जनावराने खाल्ला त्याच्याकडे तो परतला नाही. कोरडवाहू घरात शेणाला गोवऱ्यांची आणि पऱ्हाट्यांना चुलीची वाट ठरलेली असते. तिथे पाच टन शेणखत हा आकडा लिहायला सोपा, जमवायला कठीण.

आता त्या बाटलीकडे येऊ. एका गावात मला एकरी पाच लिटर द्रावणाने एका हंगामात कर्ब ०.४ वरून १ टक्का झाल्याचे दोन अहवाल दाखवले गेले. एक टक्का म्हणजे ४८०० किलोंची वाढ. सारे द्रावण शुद्ध कर्ब असते तरी त्यातून पाच-सहा किलो आले असते. जिवाणू बाहेरून कर्ब आणत नाहीत, ते असलेला खातात. शेणखतातला कणन्‌कण टिकला असता तरी एवढ्या वाढीला ४८ टन लागले असते. आणि दहावा भागच टिकतो म्हटल्यावर ४८० टन.

तरी अहवाल खोटेच असतील असे नाही. नमुना उकिरड्याच्या जागेवरून घेतला, दुसऱ्यांदा कमी खोलीवरून खरवडला, किंवा न कुजलेल्या काड्या दोन मिलिमीटरच्या चाळणीतून न गाळता दळल्या गेल्या, तरी आकडा उडी मारतो. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांतही कर्ब असतो. वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या रीतीत तो मोजला जात नाही. पण माती भट्टीत जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रात चुना आधी आम्लाने काढला नाही तर तोही सेंद्रिय म्हणून मोजला जातो.

वर्षाला ५० किलो म्हणजे आठ लाखांत ०.००६ टक्के. कोणतीही सामान्य प्रयोगशाळा एवढा फरक पकडू शकत नाही. म्हणून दरवर्षी तपासून हुरळून किंवा खचून जाण्यात अर्थ नाही. पेरणीपूर्वी, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, शेतातल्या दहा-पंधरा जागांची माती एकत्र करून, त्याच रीतीने पाच वर्षांनी पुन्हा तपासावी. तेव्हा ०.४ चे ०.४३ दिसले तर शेतकऱ्याने तो अहवाल जपून ठेवावा. एवढ्या अवधीत प्रामाणिकपणे मिळू शकणारी वाढ साधारण तेवढीच असते.