असं का होतं? : थकबाकी नाही, तरी बिल अडतं

औषध दुकानदार ऑर्डर देतो आणि स्टॉकिस्टकडून उत्तर येतं, "बिल निघत नाही, लिमिट संपलंय." वास्तविक एकही बिल मुदतीबाहेर नसतं!

उधारी टाकीतल्या पाण्यासारखी असते. किती ओतलं आणि ते किती दिवस थांबलं, यावर पातळी ठरते. महिन्याला 2 लाखांची खरेदी आणि 21 दिवसांत पैसे, तर येणं सुमारे 1 लाख 40 हजार. दीड लाखाच्या लिमिटमध्ये बसतं. खरेदी 3 लाखांवर गेली की, तितक्याच वेळेत पैसे देऊनही, येणं 2 लाख 10 हजार होतं.

म्हणून सव्वादोन लाखांचं लिमिट मागताना वर्षाचा खातेउतारा जोडावा, बिलाची आणि पैसे जमा झाल्याची तारीख शेजारीशेजारी. स्टॉकिस्ट आधी हे दिवसच मोजतो. 21 चे 35 झाले असतील, तर येणं वाढण्यामागे नुसता धंदा नाही, हे त्याला लगेच कळतं. मग मागच्या वर्षी एखादा चेक परत आला असेल, तर तोही आठवतो.