गोष्ट कुठे थांबवायची? ऐकणारा पुढच्या आठवड्यात परत यावा म्हणून

अलिफ लैलाची दास्तान आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. शहरजाद बादशहाला रोज रात्री किस्सा सांगते आणि पहाट होताच मध्येच थांबते. आता पॉडकास्टवर आठवड्याला एक भाग टाकणाऱ्या मुलामुलींनाही हेच करायचं असतं. पण बरेच जण शेवटी एवढंच म्हणतात, "पुढे काय झालं? ऐका पुढच्या भागात!" एवढ्यावर कोणी परत येत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात नेमका सवालच उभा राहिलेला नसतो.

शहरजादची युक्ती नीट बघा. ती कधी एक किस्सा पूर्ण करते, लगेच दुसरा सुरू करते आणि त्याला रंग चढला की थांबते. म्हणजे ऐकणाऱ्याला काहीतरी मिळालेलं असतं आणि काहीतरी बाकी असतं. नुसतं बाकी ठेवलं तर माणूस चिडतो. सगळं देऊन टाकलं तर तो निवांत झोपी जातो.

आपल्या कर्जतच्या भागातलंच उदाहरण घेऊ. समजा, भिसेगावच्या मुलांना भाई कोतवालांवर तीन भागांचा पॉडकास्ट करायचा आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानचे वकील. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. या दस्त्याने विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. त्यात कोतवाल आणि हिराजी पाटील शहीद झाले.

पहिला भाग कुठे थांबवावा? फैसला आणि त्याचा परिणाम यांच्या मधोमध. वकिली सोडून एक माणूस घराबाहेर पडतो, इथे थांबा. 'आता हा करणार काय?' हा सवाल आपोआप उभा राहतो. मनोरे पडल्याचं पहिल्याच भागात सांगून टाकलं तर तो सवाल संपला.

दुसऱ्या भागाचा शेवट जास्त अवघड आहे. "कोतवाल वाचतील का?" असं विचारण्यात अर्थ नाही. ते शहीद झाले हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत 'काय झालं' विचारू नये, 'कसं झालं' विचारावं. शेवट असा लिहिता येईल:

"मनोरे पडत होते. पोलीस शोधत होते आणि दस्ता हाती लागत नव्हता. मग २ जानेवारीच्या पहाटे पोलीस नेमके सिद्धगडावर कसे पोचले?"

हा सवाल लिहिण्याआधी त्याचं उत्तर तुमच्या वहीत लिहिलेलं हवं, तेही पुस्तकातून किंवा जाणकारांकडून पडताळून. उत्तर सापडलं नसेल तर दुसरा सवाल निवडा. नाट्य वाढवायला म्हणून पुराव्याशिवाय एखाद्यावर फितुरीचा संशय टाकू नका. त्या घरातली माणसं आजही आसपास राहत असतील.

आता आवाजाची बाजू. छापलेलं पान मागे उलटून वाचता येतं, पण ऐकताना कोणी सहसा मागे जात नाही. म्हणून शेवटचं वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा आणि त्यात नवीन नाव आणू नका. वाक्य संपलं की दोन-तीन सेकंद शांतता, मग संगीत. आभार आणि नावं त्या वाक्याच्या आधीच सांगून घ्या. सवालानंतर मिनिटभर आभार चालले तर ताण विरून जातो.

तिसऱ्या भागात आधी पंधरा-वीस सेकंदांत मागची आठवण द्या आणि लवकरच उत्तराकडे वळा. उत्तर अगदी शेवटपर्यंत ताणलं किंवा "ती तर अफवा होती" म्हणून उडवून लावलं, तर ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी तो तुमच्या सवालावर विश्वास ठेवत नाही.

शेवट जमला की नाही, हे भाग टाकण्याआधीच कळू शकतं. घरातल्या दोघांना वेगवेगळं बसवून भाग ऐकवा. मग एवढंच विचारा, "आता तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?" दोघांनी एकच सवाल सांगितला तर शेवट बरोबर जागी आहे. दोघांनी वेगवेगळे सांगितले तर तुम्ही एकाच वेळी दोन धागे मोकळे सोडलेत, त्यातला एक आधीच बांधून टाका. आणि दोघं नुसतंच "छान होतं" म्हणाले, तर शेवटचा परिच्छेद कापून बघा. बऱ्याचदा खरा शेवट त्याच्या आधीच्याच वाक्यात सापडतो.