दाढदुखी हिब्रूत कशी सांगावी?

अलिबाग : नवगाव, किहीम, रेवदंडा, पेण, रोहा या गावांच्या नावांनी तयार झालेली आडनावे आज रायगडच्या किनाऱ्यापेक्षा इस्राएलमधील लोद, रामला, अश्दोद, बेर्शेबा आणि दिमोना या शहरांत अधिक आढळतात. 'शनवार तेली' म्हणून कोकणात ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएली समाजाचे स्थलांतर १९४८ नंतर सुरू झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत अलिबागच्या इस्राएल आळीतील बहुतेक घरे रिकामी झाली. मराठी मात्र त्यांच्याबरोबर गेली. पुढे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. या समाजातील वयस्क मंडळी बाजारहाटापुरते हिब्रू सहज बोलतात. परंतु दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर अडचण होते, कारण दुखणे हे माणसाला मातृभाषेतच येते.

मराठीत दातदुखीचे शब्द विपुल आहेत. दाढ ठणकते, कळ मारते, ठसठसते, हिरडी शिवशिवते, कैरी खाल्ली की दात आंबतात. यांतील प्रत्येक शब्द कोकणातल्या दंतवैद्याला काही ना काही सांगून जातो. हिब्रूतही अशी विशेषणे आहेत. तीव्र दुखण्याला 'केएव खाद', बोथट दुखण्याला 'केएव आमुम' आणि ठणक्याला 'केएव पोएम' म्हणतात. ('ख' येथे घशातून खरखरीत उच्चारायचा.) ही विशेषणे पाठ करून ठेवण्यास हरकत नाही, पण निदान त्यांच्यावर फारसे अवलंबून नसते. दंतवैद्याला हवी असतात ती साधी उत्तरे : दुखणे कशाने सुरू होते, किती वेळ टिकते, झोपेतून उठवते का आणि चावताना वाढते का. यांची उत्तरे देण्यास दहा-बारा शब्द पुरतात.

प्रारंभ सोपा आहे. 'कोएवेत ली हाशेन' याचा शब्दशः अर्थ 'दुखते मला दाढ'. मराठीत तहान, थंडी, भूक 'मला' लागते, तसेच हिब्रूत दुखणेही 'मला' होते. त्यामुळे ही रचना मराठी माणसाला परकी वाटत नाही. 'शेन' म्हणजे दात. हा शब्द ऐकून कोकणातल्या माणसाला शेण आठवल्याशिवाय राहत नाही, पण त्यामुळे तो विसरतही नाही. हिब्रूत दात स्त्रीलिंगी असतो, म्हणून मनात 'दात' न धरता 'दाढ' धरावी. क्रियापद आपोआप नीट येते. गरमला 'खाम' म्हणतात आणि थंडला 'कार'. 'कार' आणि आपला 'गार' यांत अंतर ते किती!

एक उदाहरण घेऊ. अलिबागजवळच्या गावातून लोदला मुलाकडे राहायला गेलेल्या साठीच्या एका बाईंची डावीकडची दाढ आठवडाभर दुखते आहे, असे समजा. त्या मुलाला सांगतात, "अरे, गार पाणी लागलं की अशी कळ येते की कानापर्यंत जाते, आणि मग बराच वेळ ठणकत राहते. रात्री तर डोळ्याला डोळा नाही." मुलगा दुभाषी म्हणून सोबत येतो आणि डॉक्टरांना दोन शब्द सांगतो, 'कोएव मेओद', म्हणजे फार दुखते. भाषांतर चुकीचे नाही. मात्र निदानास उपयोगी असलेले सारे तपशील त्यात गळून पडले. घरातली माणसे दुभाष्याचे काम करतात तेव्हा बहुधा असेच होते. ती सारांश सांगतात.

बाईंच्या वाक्यात नेमके काय होते ते पाहू. गार पाण्याने कळ येऊन पाणी गिळताच ती थांबली, तर दाताच्या आतील मज्जा केवळ चाळवलेली असते. झिजलेले आवरण किंवा लहानशी कीड एवढेच कारण असू शकते आणि काम अनेकदा साध्या भरणीवर भागते. अशा वेळी 'ओवेर मियाद' म्हणावे, म्हणजे 'लगेच जाते'. गार पाणी गेल्यावरही दुखणे मिनिटन्‌मिनिटे टिकले, काही न खाता-पिता आपोआप सुरू झाले किंवा त्याने रात्री जागे केले, तर मज्जा बरी होण्याच्या पलीकडे गेली असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सांगायचे ते 'निशआर कामा दाकोत', म्हणजे 'काही मिनिटे राहते', आणि 'मेइर ओती बालायला', म्हणजे 'रात्री मला जागे करते'. भरणी की दाताच्या मुळाचा उपचार, हा फरक पुष्कळदा या दोन वाक्यांवरून कळू लागतो. खर्चातील फरकही तेथेच पडतो.

दुसरा प्रश्न जागेचा. डॉक्टर विचारतात, 'एइफो कोएव लाख?' म्हणजे 'तुम्हांला कुठे दुखते?' (पुरुषाला 'लाख'ऐवजी 'लेखा'.) बाई डाव्या वरच्या दाढेवर बोट ठेवतात. येथे घाई घातक ठरते. मज्जेतून निघणारी वेदना नेमकी जागा दाखवू शकत नाही. खालच्या दाढेचे दुखणे वरच्या जबड्यात आणि कानात जाणवते, अथवा वरचे खाली जाणवते. डावीकडचे उजवीकडे मात्र सहसा जात नाही. म्हणून खात्री नसेल तर बोट न ठेवता 'लो बेतुखा' म्हणावे, म्हणजे 'खात्री नाही' (पुरुषाने 'लो बातुआख'). डॉक्टर मग एकेक दात आरशाच्या दांड्याने ठोकून आणि थंड कापूस लावून पाहतात. आपल्या उदाहरणात वरची दाढ थंडाला इतर दातांसारखाच प्रतिसाद देते. खालच्या पहिल्या दाढेला कापूस लागताच मात्र बाई खुर्चीतून उठू पाहतात आणि कळ बराच वेळ ओसरत नाही. क्ष-किरण चित्रात जुन्या भरणीखाली मज्जेला जाऊन भिडलेली कीड दिसते.

या दाढेला भारतासह बहुतेक देशांत 'तीन-सहा' म्हणतात : ३ म्हणजे रुग्णाचा खालचा डावा भाग आणि ६ म्हणजे मधल्या रेषेपासून मोजलेला सहावा दात. अमेरिकेत मात्र दात १ ते ३२ असे सलग मोजतात. भारतातून कागदपत्रे नेताना म्हणूनच आकड्यासोबत 'खालची डावी पहिली मोठी दाढ' असे शब्दांत लिहून घेणे बरे. अक्कलदाढेसाठी मात्र काही समजवावे लागत नाही. हिब्रूत तिला 'शेन बिना' म्हणतात आणि 'बिना' म्हणजे समज. अक्कल आणि दाढ यांची सांगड दोन्ही भाषांनी घातली आहे.

तोंड उघडे असताना कोणतीही भाषा बोलता येत नाही. मान डोलावण्याची आपली पद्धत तेथे फसवी ठरते, कारण आडवी डुलणारी मान 'हो' आहे की 'नाही', हे समोरच्याला कळत नाही. होकारासाठी 'केन' आणि नकारासाठी 'लो' स्पष्ट म्हणावे आणि काम सुरू होण्यापूर्वी सांगून ठेवावे, 'इम कोएव ली, अनी आरीम याद', म्हणजे 'दुखले तर मी हात वर करीन'.

घरी काय उपाय केले, हेही डॉक्टरांना कळले पाहिजे. कोकणात दाढेत लवंग धरतात. हिब्रूत लवंगेला 'त्सिपोरेन' म्हणतात आणि नखालाही तोच शब्द आहे. 'दाढेत त्सिपोरेन ठेवली' हे ऐकून डॉक्टर चमकले तर नवल नाही. सोबत 'तावलिन', म्हणजे मसाला, असे जोडावे. मशेरीला हिब्रूत शब्द नाही. 'ताबाक', म्हणजे तंबाखू, एवढे सांगून दातांवर बोट घासून दाखवावे. ही गोष्ट लाजून लपवली जाते, परंतु मशेरीच्या घासण्याने हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडू शकतात आणि गार पाण्याची कळ त्यामुळेही येते. पॅरासिटामॉल तेथे 'अकामोल' या नावाने विकले जाते. भारतातून नेलेल्या गोळीवर ती घेतल्यास मात्रा दुप्पट होते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवण्याची सवय सोडावी. हिरडी भाजते, दुखणे तसेच राहते.

मधुमेहाला 'सुकेरेत' म्हणतात. हा शब्द ज्या 'सुकार'वरून आला, तो अरबी-फारसीच्या वाटेने आपल्या 'शर्करे'पाशीच पोहोचतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर 'मेदालेलेई दाम' हे शब्द इंजेक्शनपूर्वी उच्चारलेच पाहिजेत. गोळ्यांची पाकिटे बरोबर नेणे सर्वांत उत्तम.

निदान झाल्यावर डॉक्टर बहुधा दोन शब्द उच्चारतील : 'तिपुल शोरेश', म्हणजे मुळाचा उपचार, किंवा 'अकिरा', म्हणजे दात काढणे. तेव्हा बाईंनी विचारायचे, 'एफशार लेहात्सिल एत हाशेन?' म्हणजे 'दात वाचवता येईल का?' आणि त्यानंतर 'कामा झे ओले?' म्हणजे 'खर्च किती?' इस्राएलमध्ये १९९५ पासून सर्वांना आरोग्य विमा आहे आणि मुलांच्या दंतोपचारांचा त्यात २०१० पासून टप्प्याटप्प्याने समावेश झाला. बहुतेक प्रौढांना मात्र दातांचा खर्च स्वतः किंवा पूरक विम्यातून करावा लागतो. मुळाच्या उपचारानंतर दाढेवर टोपी, म्हणजे 'केतेर', बसवावी लागते आणि तिचे पैसे बहुधा निराळे असतात. म्हणून आकडा 'इम केतेर', म्हणजे टोपीसह, विचारावा आणि 'एफशार लिख्तोव ली?' असे म्हणून लिहून घ्यावा.

बाईंनी भेट पुढे ढकलली असती आणि चार दिवसांनी ठणका एकाएकी थांबला असता, तर घरात आनंद झाला असता. तो थांबा फसवा असतो. मज्जा मृत झाल्याने थंड-गरम कळेनासे होते, जंतू मुळाच्या टोकाकडे सरकतात आणि पुढे चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटून दुखते. तेव्हा मात्र नेमका दात रुग्णाला दाखवता येतो. 'कोएव ली क्शे-अनी लोएसेत' हे वाक्य या अवस्थेचे, म्हणजे 'चावते तेव्हा दुखते'. केवळ प्रतिजैविकांनी ही दाढ बरी होत नाही.

गालावर किंवा हनुवटीखाली पसरणारी सूज, ताप, तोंड उघडण्यास अटकाव, गिळण्यास वा श्वासास त्रास यांपैकी काही दिसले तर दंतवैद्याच्या वेळेची वाट पाहू नये. सुजेला 'नेफिखुत' म्हणतात. श्वासाचा त्रास सांगायचा तर 'काशे ली लिन्शोम'. इस्राएलमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १०१ आहे.