नवाने भाग जाणारा फरक

बेळगावच्या रविवार पेठेत धान्याचा घाऊक व्यापार करता करता एका लहानशा विद्यार्थी-वसतिगृहाच्या विश्वस्तपणाचे काम आमच्याकडे आले. विश्वस्त मंडळाचे दप्तर आम्हीच लिहीत असू. दुकानात ज्याच्या त्याच्या नावाचे खाते असते, तीच रीत आम्ही तेथेही चालविली. देणगीदाराचे नाव आणि पुढे रकमेचा आकडा, एवढीच खतावणी.

सन २०२२-२३ च्या हिशेबतपासणीच्या वेळी मात्र या रीतीने आम्हांस पेचात टाकले. वर्षाची एकूण जमा ९,६०,००० रुपये होती व खतावणीप्रमाणे खर्च ५,९९,६०० होता. धर्मादाय संस्थेने करमाफीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी कार्यासाठी खर्चावे, असा आयकराचा नियम होता. उरलेली रक्कम पुढील वर्षांसाठी राखून ठेवण्याची सवलत असली, तरी तिला मुदतीत अर्ज लागे आणि हेतू नेमका लिहावा लागे. सर्व जमा उत्पन्न धरली, तर खर्च ८,१६,००० हवा होता. शिवाय तेरीज जुळत नव्हती. जमेची बाजू ५,४०० ने अधिक येत होती. तपासनिसांनी पंधरा दिवसांची मुदत देऊन वह्या परत पाठविल्या.

आमच्या शेजारच्या पेढीवर एक तरुण हिशेबनीस होता. त्याला बोलाविले. त्याने जुन्या वहीत एक रेघही मारली नाही. निराळ्या कागदांवर त्याने रकाने आखले : तारीख, पावती क्रमांक, कीर्दीचे पान, रोख की बँक, आणि शेवटी देणगीचा हेतू. हा शेवटचा रकाना आमच्या वहीत कधीच नव्हता.

तो भरण्यासाठी त्याने पावत्यांच्या स्थळप्रती व पत्रांची फाईल मागितली. एका घराण्याने २,५०,००० रुपये देताना, ही रक्कम कायम निधीत ठेवून केवळ व्याज खर्चावे, असे पत्र दिले होते. ती रक्कम संस्थेच्या नावे बँकेत मुदत ठेवीतही होती. अशी लेखी सूचनेने आलेली व नियमाप्रमाणे गुंतविलेली रक्कम उत्पन्नात धरावयाची नव्हती. ती वेगळी काढताच उत्पन्न ७,१०,००० उरले व त्याचे ८५ टक्के ६,०३,५०० झाले. खर्चात आता केवळ ३,९०० कमी पडत होते.

आम्हांस एक युक्ती सुचली. दुसऱ्या एका स्नेह्याने ५०,००० रुपये देताना “कायम निधीत टाका” असे तोंडी म्हटले होते. आम्ही त्या तरुणास म्हणालो, “त्यांच्याकडून आज पत्र आणतो, तारीख मागील घालू. प्रश्नच मिटेल.”

तो खाली पाहून म्हणाला, “काका, पत्र आजचे असेल तर त्यावर आजचीच तारीख पडेल. आणि पावतीवर आपणच ‘सर्वसाधारण देणगी’ असे लिहिले आहे. ही रक्कम मी उत्पन्नातच धरणार.”

आम्हांस राग आला, पण उत्तर सुचले नाही.

मग तो तेरजेकडे वळला. फरक ५,४०० चा. एखादी रक्कम चुकीच्या बाजूस पडली, तर फरक तिच्या दुप्पट येतो, म्हणून त्याने प्रथम निम्मी, म्हणजे २,७०० ची नोंद शोधली. ती नव्हती. नंतर त्याने ५,४०० ला नवाने भागले. भाग निःशेष गेला. “शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, तर फरक नेहमी नवाच्या पाढ्यात येतो,” तो म्हणाला. “पण नवाने भाग गेला म्हणजे चूक तीच, असे मात्र नव्हे. शोधावी लागेल.”

दोन रात्री त्याने खर्चाची प्रत्येक नोंद कीर्दीशी ताडून पाहिली. दुसऱ्या रात्री वसतिगृहाच्या दुधाच्या खात्यावर त्याचे बोट थांबले. कीर्दीत ७,१०० होते, खात्यात १,७००. दूधवाल्याची पावती व बँकेचा उतारा, दोहोंतही ७,१०० च होते. अक्षर आमचे होते.

तेरीज जुळली. खर्च ६,०५,००० झाला, म्हणजे आवश्यकतेहून १,५०० अधिक. ते ५०,००० उत्पन्नातच राहिले आणि तरीही हिशेब बसला. तपासनिसांनी नवे तक्ते मूळ वह्यांशी ताडून पाहिले, मुदत ठेवीची पावती पाहिली व अहवालावर सही केली.

आता आमच्या पावतीपुस्तकात ‘हेतू’ हा रकाना छापलेला आहे, आणि कायम निधीची देणगी आली, तर पत्र हाती पडल्यावाचून आम्ही पावती फाडत नाही. त्या स्नेह्यांना आम्ही सर्व हकीकत सांगितली. ते हसले आणि पुढील वर्षीच्या देणगीबरोबर त्यांनी पत्रही पाठविले. त्यावर तारीख त्याच दिवसाची होती.