रांग टाळायची, तपासणी नाही

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर मध्यरात्री आखाती देशांची आणि युरोपची विमाने पाठोपाठ सुटतात, आणि इमिग्रेशनची रांग तासाभराची होते. त्याच दालनात काचेची स्वयंचलित दारे असतात. काही प्रवासी तिथून मिनिटभरात पार होतात. ते व्हीआयपी असतील असे रांगेतल्यांना वाटते, पण बहुतेकांनी केलेले असते ते एवढेच, की ऑनलाइन अर्ज भरून बोटांचे ठसे दिलेले असतात. पैसे एक रुपयाही भरलेला नसतो.

ही केंद्रीय गृह मंत्रालयाची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ योजना. जून 2024 मध्ये ती दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय पासपोर्टधारक आणि ओसीआय कार्डधारक अर्ज करू शकतात. ftittp.mha.gov.in या संकेतस्थळावर फोटो, पासपोर्टची पाने आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा. पडताळणीत अर्ज मान्य झाला, की ठसे आणि चेहऱ्याची प्रतिमा देण्यासाठी विमानतळावर किंवा विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जायचे. पुढे प्रवासाच्या दिवशी पहिल्या दारात पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन होतो, दुसऱ्या दारात चेहरा जुळवला जातो.

नोंदणी पाच वर्षांची म्हणतात, पण पासपोर्ट आधी संपत असेल तर नोंदणीही त्याच दिवशी संपते. पासपोर्टला चौदा महिने उरले असतील, तर सवलतही चौदाच महिने. अशांनी आधी पासपोर्ट नवा करून मग अर्ज करावा. अर्ज करताना पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. आणि तिकीट काढल्यावर अर्जाला बसू नये; पडताळणीला महिनाभर लागू शकतो.

अमेरिकेच्या ‘ग्लोबल एंट्री’चे प्रकरण मात्र बरेच वेगळे आहे. भारतीय नागरिकांना ती 2017 पासून खुली आहे. पुण्याचा एखादा यंत्रांचे सुटे भाग निर्यात करणारा उद्योजक घेऊ. बिझनेस व्हिसावर तो वरचेवर शिकागोला जातो. तो अमेरिकी सीमाशुल्क खात्याकडे ऑनलाइन अर्ज करतो आणि 120 डॉलर भरतो. अर्ज नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. अमेरिकी नागरिकाला जे करावे लागत नाही ते याला करावे लागते: आपल्या पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ग्लोबल एंट्रीसाठीच्या पार्श्वभूमी पडताळणीचा वेगळा अर्ज. म्हणजे त्याची छाननी दोन्ही देशांकडून होते, आणि स्थानिक पोलिसांची पडताळणीही त्यातच येते.

सगळे ठीक निघाले तर सशर्त मंजुरी मिळते. मग मुलाखत. ती शिकागोत उतरल्यावर विमानतळावरच देता येते. अधिकारी पासपोर्ट आणि व्हिसा पाहतो, काम आणि प्रवासाबद्दल विचारतो, ठसे घेतो. मंजुरी पाच वर्षांची. अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांत ‘टीएसए प्रीचेक’ही त्यात येते, म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉप बॅगेतच ठेवून सुरक्षा तपासणी होते. वर्षात अनेकदा अमेरिकेत फिरणाऱ्याला खरा फायदा मला तरी इथेच दिसतो. वर्षातून एकदा मुलाकडे जाणाऱ्या आई-बाबांनी एवढा खटाटोप करावा का, याबद्दल मात्र मी साशंक आहे.

अर्ज अडतो तो मुख्यतः खोटी किंवा अपुरी माहिती, फौजदारी शिक्षा किंवा प्रलंबित गुन्हा, किंवा कुठल्याही देशात सीमाशुल्क, इमिग्रेशन वा शेतमालाच्या नियमांचा भंग यांमुळे. जुना किरकोळ दंड लपवणे हे सगळ्यांत वाईट. दंड कदाचित खपून गेला असता, लपवणे खपत नाही.

मंजुरीनंतरही नजर हटत नाही. सदस्यांची नावे अमेरिकी यंत्रणा रोज पुन्हा तपासते. सदस्यत्व माणशी असते, कुटुंबाला नाही. नवऱ्याकडे आहे आणि बायकोकडे नाही, तर बायकोला नेहमीच्या रांगेतच जावे लागते; मुलांचेही तेच. व्हिसा वेगळा लागतोच. आणि घोषणा करण्याची जबाबदारी जशीच्या तशी राहते. बॅगेत हापूसचे आंबे किंवा घरच्या बागेतली बियाणी असतील आणि ती सांगितली नाहीत, तर माल जप्त होतो, दंड होऊ शकतो, आणि सदस्यत्वही जाऊ शकते. सांगितले, तर फार तर आंबे जातात.