न झालेल्या कामाची हकीकत

कार्डाने आगाऊ पैसे दिले आणि ठरलेले काम झालेच नाही, तर ते पैसे परत मिळविण्याचा एक मार्ग बँकेतून जातो. त्याला चार्जबॅक म्हणतात. आपण आपल्या बँकेकडे तक्रार करतो. ती बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांच्यामार्फत, दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम परत मागते. दुकानदाराला उत्तर देण्याची संधी मिळते आणि मग कागद पाहून निर्णय होतो. येथे साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. आपल्या वतीने बोलतात ते जोडलेले पुरावे आणि अर्जातील आठदहा ओळींची हकीकत. म्हणून ती कशी लिहावी, एवढाच आजचा विषय घेऊ.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. ठाण्यात त्यांचे स्वतःच्या गच्चीचे लहानसे घर आहे. पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यावे म्हणून १८ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी एका ठेकेदाराला क्रेडिट कार्डाने ४२,००० रुपये दिले. पावतीवर लिहिले होते : काम ५ मे रोजी सुरू, १५ मेपर्यंत पूर्ण. पंधरा तारीख उलटली तरी घमेले नाही की गवंडी नाही. विचारले तेव्हा ठेकेदाराने लेखी निरोप पाठविला, 'माणसे गावी गेली आहेत, २५ मेपर्यंत करून देतो.' गृहस्थांनी ते मान्य केले. २५ तारीखही तशीच गेली आणि २६ मे रोजी मुंबईत पाऊस दाखल झाला, नोंदीतील सर्वांत लवकर! छत गळू लागले, कपाटातील पुस्तके भिजली, ठेकेदार फोन उचलीना.

अशा वेळी माणूस लिहितो ते संतापाने लिहितो. त्यांचा पहिला मसुदा मी पाहिला आहे. त्याचा सारांश असा : 'माझी घोर फसवणूक झाली आहे. हा ठेकेदार लबाड आहे. कंटाळून मी काम रद्द केले आहे. माझ्या पुस्तकांचे नुकसान झाले असून सर्व भरपाई मिळावी.' यातला राग खोटा नव्हता, पण जवळजवळ प्रत्येक वाक्य त्यांच्याच दाव्याच्या मुळावर येणारे होते. ते कसे, हे नीट पाहण्यासारखे आहे.

पहिला शब्द 'फसवणूक'. बँकेच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे : कार्ड माझे, पण व्यवहार मी केलेला नाही. अर्ज त्या खिडकीवर गेला की बँक कार्ड बंद करते, आणि पुढे उत्तर येते की व्यवहार आपल्याच मोबाइलवरील ओटीपी देऊन झालेला आहे, सबब दावा अमान्य. उत्तर चुकीचे नाही, प्रश्नच चुकीचा विचारला गेला! व्यवहार आपण केला हे तर आपल्याला मान्यच आहे. आपली तक्रार 'सेवा मिळाली नाही' ही आहे. हा वर्ग स्वतंत्र असून व्हिसाच्या नियमांत त्याचा क्रमांक १३.१ आहे. अर्जात तोच प्रकार निवडावा आणि हकीकतीचे पहिले वाक्यही त्याला जुळणारे असावे.

दुसरा शब्द 'रद्द'. ग्राहकाने रद्द केलेल्या सेवेचा वर्ग निराळा आहे. तेथे प्रश्न येतो तो दुकानदाराच्या अटींचा, आणि पावतीच्या पाठीमागे 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' असे छापलेले असले तर तीच ओळ आपल्यापुढे केली जाते. या गृहस्थांनी वस्तुतः काहीच रद्द केले नव्हते. मुदत संपेपर्यंत काम झाले नाही आणि मग त्यांनी पैसे मागितले. जे घडले तेच लिहावे.

तिसरी गोष्ट पुस्तकांची. चार्जबॅकने फार तर दिलेली रक्कम परत येते. पावसाने झालेले नुकसान त्यात बसत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाचे दार आहे. भिजलेली पुस्तके येथे आणली, की वाचणाऱ्याचे लक्ष मुख्य मुद्द्यावरून सुटते.

मग हकीकतीत असावे काय? काय ठरले, केव्हापर्यंत ठरले, ती तारीख गेल्यावर काय आढळले, आणि आपण दुकानदाराकडे मागणी कधी केली. शेवटचा मुद्दा पुष्कळजण विसरतात, परंतु आधी दुकानदाराशी मिटविण्याचा प्रयत्न झाला की नाही, हे बँक पाहते. म्हणून केवळ फोनवर विसंबू नये, एक तरी लेखी मागणी करावी. गृहस्थांनी २८ मे रोजी ईमेल पाठविली आणि २ जूनला बँकेत अर्ज दिला. त्यांची दुसरी हकीकत अशी होती :

'१८ एप्रिल २०२५ रोजी मी या ठेकेदारास गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ४२,००० रुपये दिले. व्यवहार मीच केला आहे. पावतीप्रमाणे काम १५ मेपर्यंत व्हावयाचे होते (पुरावा १). ठेकेदाराने लेखी निरोपाने ही तारीख २५ मेपर्यंत वाढविली व मी ती मान्य केली (पुरावा २). २५ मेपर्यंत कामाचा कोणताही भाग झाला नाही, साहित्यही आले नाही. १६ एप्रिल रोजी, पैसे देण्यापूर्वी, त्यांचा माणूस गच्चीचे माप घेऊन गेला व त्या कागदावर माझी सही आहे. त्यानंतर कोणीही आले नाही. २८ मे रोजी मी ईमेलने रक्कम परत मागितली (पुरावा ३). उत्तर आलेले नाही. सेवा न मिळाल्यामुळे पूर्ण ४२,००० रुपये परत मिळावेत.'

मापाच्या कागदाचे वाक्य त्यांना गाळायचे होते. आपल्याच सहीचा उल्लेख आपणच कशाला करा? ते राहिले म्हणूनच दावा वाचला. ठेकेदाराने उत्तरादाखल नेमका तोच कागद 'काम पूर्ण झाल्याची पोच' म्हणून पाठविला! पण त्याची तारीख आणि हेतू हकीकतीत आधीच नोंदलेला होता, आणि पैसे देण्यापूर्वीच काम पूर्ण झाले हे म्हणणे टिकण्यासारखे नव्हते. तेच वाक्य मागाहून आले असते, तर ते सबब वाटले असते. अडचणीची गोष्ट प्रथम आपणच सांगावी. अर्धे काम झाले असते तर तेही सांगून फक्त न झालेल्या भागाची रक्कम मागावी लागली असती.

मुदतीविषयीही सावध असावे. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांत सर्वसाधारणपणे १२० दिवस मिळतात आणि सेवा पुढल्या तारखेस मिळायची असेल तर ते त्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. येथे २५ मेपासून मोजल्यास २२ सप्टेंबर येते. म्हणून वाढवून दिलेली तारीख लेखी असणे मोलाचे. तरी शहाण्याने पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजावे, म्हणजे वादाला जागा राहत नाही. ठेकेदाराच्या नव्या नव्या वायद्यांवर थांबत राहिले, तर मुदत हातची जाते.

बँक मध्यंतरी रक्कम तात्पुरती जमा करू शकते, पण तो निर्णय नव्हे. दुकानदाराचे उत्तर ग्राह्य ठरले तर ती पुन्हा वजा होते, म्हणून ती लगेच खर्चू नये. बँकेने तक्रार फेटाळली, किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

गृहस्थांचे ४२,००० रुपये राहिले. पुस्तकांची भरपाई मात्र अद्याप मिळालेली नाही. तो दावा निराळा आहे, आणि त्याची हकीकतही निराळीच लिहावी लागेल.