एका पुरणपोळीचे चार लेख

होळी जवळ आली की मराठी पाककृतींच्या ब्लॉगवर पुरणपोळी येतेच. चार-पाच वर्षं चालू असलेला असा एक ब्लॉग कल्पनेत घेऊ. पहिल्या वर्षी तिथे ‘पुरणपोळी रेसिपी’ आली. पुढच्या वर्षी ‘महाराष्ट्रीयन पुरणपोळी रेसिपी’, मग ‘मऊ लुसलुशीत पुरणपोळी रेसिपी’ आणि अखेरीस ‘होळी स्पेशल पुरणपोळी रेसिपी’. चारही लेख मेहनतीने लिहिलेले, फोटो चांगले. तरीही लिहिणारीला दिसतं की पहिल्या वर्षी एकट्या लेखाला जेवढे वाचक मिळायचे, तेवढे आता चौघांना मिळूनही येत नाहीत.

या प्रकाराला ब्लॉगच्या जगात ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ म्हणतात. एकाच ब्लॉगचे लेख एकाच शोधशब्दासाठी एकमेकांशी झुंजतात. यात गूगल कसली शिक्षा करत नाही. अडचण वेगळीच आहे. गूगल क्रम लावतं तो एकेका पानाचा. बाहेरच्या लोकांनी दिलेल्या लिंका चार पानांत वाटल्या गेल्या की कुठलंच पान ठळकपणे पुढे येत नाही. शिवाय जून 2019 पासून गूगल एकाच संकेतस्थळाची सहसा दोनपेक्षा जास्त पानं वरच्या निकालांत दाखवत नाही. म्हणजे चार लेख लिहून चार जागा मिळवण्याचा हिशेबच चुकतो. आणि शीर्षक, मथळा, पहिला परिच्छेद असं सगळंच सारखं असेल, तर त्यातला कोणता लेख दाखवायचा हे गूगलला नीट ठरवता येत नाही. आज एक दिसतो, आठवड्याने दुसरा.

हे खरंच घडतंय का, ते तपासता येतं. गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात परफॉर्मन्स अहवाल उघडायचा, क्वेरीचा फिल्टर लावून त्यात ‘पुरणपोळी रेसिपी’ हेच शब्द नेमके घालायचे आणि मग पेजेस या टॅबवर जायचं. त्या शब्दांसाठी आपली कोणकोणती पानं दिसली ते तिथे कळतं. आपल्याकडे बरेच जण रोमन लिपीत `puran poli recipe in marathi` असं टाइप करतात, म्हणून तोही शोध वेगळा तपासावा लागतो.

यादीत दोन पानं दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. दोन्हींवर लोक वेगवेगळ्या गरजेने येत असतील तर ते उत्तमच आहे. एकेका पानाचा आलेख पाहिल्यावर खरी खूण सापडते. एकाची रेघ ज्या दिवशी खाली येते त्याच दिवशी दुसऱ्याची वर जाते, आणि सरासरी स्थान सारखं हेलकावत राहतं. किंवा सविस्तर कृतीचा लेख मागे पडून घाईत लिहिलेला ‘होळी स्पेशल’ पुढे येतो. सणाच्या पदार्थाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. होळीची तारीख सरकते. 2024 मध्ये ती 24 मार्चला होती, 2025 मध्ये 13 मार्चला. दोन वर्षांच्या मार्चच्या त्याच तारखा शेजारी ठेवल्या तर खोटी घसरण दिसेल. होळीआधीचे पंधरा दिवस दोन्ही वर्षी निवडूनच तुलना करावी. सर्च कन्सोल 16 महिन्यांचीच माहिती ठेवतं, त्यामुळे मागच्या होळीचे आकडे वेळेत उतरवून घेतलेले बरे.

आता त्या चार लेखांकडे येऊ. नीट वाचल्यावर कळतं की पहिल्यात पायरीपायरीने पूर्ण कृती आहे आणि बाहेरच्या लिंकाही त्यालाच आहेत. दुसऱ्यात मैदा अजिबात न घालता कणकेची पोळी केली आहे, पण शीर्षकात त्याचा पत्ता नाही. तिसऱ्याचा निम्मा भाग पोळी फाटणं, पुरण सैल होणं यावर आहे. चौथा म्हणजे पहिलाच, नव्या फोटोंसह.

माझ्या मते इथे एकच कसोटी पुरते. दोन लेखांच्या शीर्षकांची अदलाबदल करून पाहा. वाचकाची फसगत झाली नाही, तर ती शीर्षकं वेगळी नाहीतच. आणि कितीही प्रयत्न करून दोघांना प्रामाणिकपणे वेगळी शीर्षकं देता येत नसतील, तर ते दोन लेख नाहीत, एकच आहे. चौथा आणि पहिला यांचं तसं आहे. तिथे ‘खास’, ‘अस्सल’, ‘सोपी’ असली विशेषणं जोडून उपयोग नाही, कारण ती सगळ्यांनाच लागू पडतात. चौथ्यातले चांगले फोटो पहिल्यात घ्यायचे आणि चौथ्याचा पत्ता 301 रीडायरेक्टने पहिल्याकडे वळवायचा. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगिन मिळतात, ब्लॉगरच्या सेटिंगमध्येच तशी सोय आहे. नुसता लेख काढून टाकला तर जुन्या लिंकवरून येणाऱ्याला रिकामं पान दिसेल.

उरलेल्या तिघांची शीर्षकं अशी होऊ शकतील: ‘पुरणपोळी रेसिपी: डाळ शिजवण्यापासून पोळी भाजेपर्यंत’, ‘मैद्याशिवाय पुरणपोळी, फक्त कणकेची’ आणि ‘पोळी लाटताना फाटते? सैल पुरण आणि घट्ट कणीक अशी सुधारा’. मोबाइलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, म्हणून वेगळेपण सांगणारा शब्द सुरुवातीलाच हवा. मूळ शोधशब्द पहिल्या लेखाकडेच राहू द्यायचा. तिसऱ्याचं शीर्षक शोधताना त्याच्या पानाचा फिल्टर लावून लोक काय टाइप करून तिथे आले ते पाहिलं, तर ‘पुरण सैल झाल्यास काय करावे’ असे त्यांचेच शब्द हाती लागतात.

केवळ शीर्षक बदलून मात्र भागत नाही, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. गूगल निकालात दाखवायचं शीर्षक पानावरचा मोठा मथळा आणि त्या पानाला दिलेल्या लिंकांचे शब्द पाहूनही ठरवतं. मथळा जुनाच राहिला तर निकालात तोच परत दिसू शकतो. म्हणून मथळा बदलायचा, मजकूरही छाटायचा. कणकेच्या पोळीच्या लेखातून पुरणाची सगळी कृती काढून ‘पुरण कसं शिजवायचं’ या शब्दांवर पहिल्या लेखाची लिंक द्यायची. फाटणाऱ्या पोळीच्या लेखात साहित्याची यादी नकोच. पुरण पुन्हा आटवताना त्यात डाव उभा राहीपर्यंत थांबायचं, कणकेला पाणी आणि तेल लावून पुन्हा तिंबायचं आणि झाकून मुरू द्यायचं, हेच तिथे विस्ताराने यावं. पानांचे जुने पत्ते मात्र तसेच ठेवावेत.

बदल गूगलच्या ध्यानात यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात आकडे डळमळतात. म्हणून हे काम होळीच्या तोंडावर काढू नये, धुळवड उलटल्यावर करावं. एवढं करूनही मोठ्या संकेतस्थळांना मागे टाकता येईलच असं नाही. ‘पुरणपोळी रेसिपी’ या शब्दांवर त्यांचं बळ जास्तच असतं. मैद्याशिवायची पोळी किंवा फाटणारी पोळी अशा नेमक्या शोधांवर मात्र लहान ब्लॉगला वाव असतो, आणि आधीच्या एकसारख्या शीर्षकांनी नेमका तोच वाव झाकून टाकला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा पुरणपोळीवर लिहावंसं वाटलं, तर आधी गूगलमध्ये `site:` लिहून त्यापुढे आपल्या ब्लॉगचा पत्ता आणि ‘पुरणपोळी’ टाकून पाहावं. कोल्हापूरकडची तेलपोळी किंवा कटाची आमटी मनात असेल तर नवा लेख जरूर लिहावा. पुन्हा तीच कृती सांगायची असेल तर जुनाच लेख उघडून त्यात भर घालावी.